लेहंग्याचा घेर किती, आणि तो येतो कुठून?

लग्नसराई जवळ आली की घरोघरी मोबाइलवर लेहंगे बघणं सुरू होतं. फोटो सगळ्यांना कळतो, अडतं ते फोटोखालच्या ओळीपाशी. ती साधारण अशी असते: ‘जॉर्जेट लेहंगा, सिक्वेन्स आणि जरी काम, १२ कळी, फ्लेअर ३.२ मीटर, कॅनकॅन जोडलेला, सेमी-स्टिच्ड, कंबर ४२ इंचांपर्यंत, लांबी ४२ इंच. चोळी अनस्टिच्ड ०.८० मीटर. दुपट्टा नेट, २.३ मीटर, चारही बाजूंनी लेस.’

पैसे भरून झाल्यावर टेलर म्हणतो, ‘ताई, यात लांब बाही बसणार नाही,’ किंवा ‘वरून उंची कमी केली तर कंबर मोठी होईल.’ खरं तर या दोन्ही गोष्टी त्या ओळीतच होत्या. ती वाचता आली, तर घरबसल्या बरंच काही आधी कळतं. या लेखात सगळ्यात जास्त जागा घेराला दिली आहे, कारण चोळी आणि ओढणी नंतर बदलता येतात, घेर बदलता येत नाही.

घेर म्हणजे काय मोजतात?

लेहंग्याच्या खालच्या काठाची पूर्ण फेरी टेपने मोजली की जो आकडा येतो तो घेर. जाहिरातीत त्यालाच फ्लेअर म्हणतात. लेहंग्याला किती कापड लागलं, हा आकडा वेगळा. दुकानात कुणी ‘यात चार मीटर कापड आहे’ म्हणालं, तर त्यावरून घेर चार मीटर असेलच असं नाही. तो कमी असेल किंवा जास्तही असेल. ते कापड कसं कापलंय यावर सगळं अवलंबून असतं.

कापायच्या मुख्य पद्धती तीन.

पहिली चुण्यांची. सरळ कापड घ्यायचं आणि कमरेला चुण्या घालून आवळायचं. इथे जेवढं सरळ कापड तेवढाच घेर. ३० इंच कमरेवर चार मीटरचा घेर हवा असेल, तर १५७ इंच कापड ३० इंचांत बसवावं लागतं, म्हणजे कमरेच्या प्रत्येक इंचाला पाच इंचांहून जास्त कापड. पातळ जॉर्जेट किंवा मलमल असेल तर हे जमतं. ब्रोकेड किंवा जाड रेशीम असेल तर कमरेभोवती वळकटी बांधल्यासारखं दिसतं आणि नेफ्यातून नाडी सरकत नाही.

दुसरी कळ्यांची. कळी म्हणजे वर अरुंद, खाली रुंद असा उभा तुकडा. अशा बारा कळ्या एकमेकींना जोडल्या की वर कंबर तयार होते आणि खाली घेर. प्रत्येक कळी वर अडीच इंच आणि खाली १२ इंच असेल, तर कंबर ३० इंच आणि घेर १४४ इंच, म्हणजे साधारण ३.६६ मीटर. कमरेला एकही चुणी नाही, तरी घेर भरपूर. जड कापडासाठी ही पद्धत उत्तम.

तिसरी अंब्रेला कट. भाकरीच्या मधोमध भोक पाडावं तसं गोल कापड कापायचं. ते भोक म्हणजे कंबर आणि भाकरीची कड म्हणजे घेर. कंबर ३० आणि उंची ४० इंच धरली, तर अर्ध्या वर्तुळाच्या लेहंग्याचा घेर चार मीटरच्या आसपास येतो आणि पूर्ण वर्तुळाचा सात मीटरच्या पुढे जातो. गिरकी घेतल्यावर ताटासारखा सपाट उघडतो तो हाच.

फिश कट मात्र या हिशेबात बसत नाही. तो गुडघ्यापर्यंत अंगासरशी असतो आणि सगळा घेर गुडघ्याखाली असतो. त्याच्या पुढे ‘३ मीटर’ लिहिलेलं असलं तरी मांडी घालून बसता येणार नाही आणि गरबा तर विसराच. आकडा एकच असूनही अनुभव पूर्ण वेगळा, म्हणून आकड्यासोबत कट विचारायलाच हवा.

सोळा कळ्या बारापेक्षा चांगल्या नाहीत का?

विक्रेते कळ्यांची संख्या फार जोरात सांगतात. पण घेर ठरतो तो कळी खाली किती रुंद आहे त्यावर. बारा कळ्या प्रत्येकी १२ इंचांच्या असोत की सोळा कळ्या प्रत्येकी नऊ इंचांच्या, घेर तोच १४४ इंच. कळ्या जास्त असल्या की कमरेपासून खालचा उतार अधिक गोलसर होतो, हा फायदा खरा आहे. पण शिवणीही तेवढ्या वाढतात आणि प्रत्येक कळीवर नक्षीला जागा कमी मिळते. मोठे मोर-हत्ती काढायचे असतील तर कमी कळ्यांचा लेहंगाच शोभतो.

कळ्यांच्या बाबतीत बघण्यासारखी खरी गोष्ट वेगळी आहे. कापड वाचवण्यासाठी टेलर कळ्या उलटसुलट मांडून कापतात. एकीचं अरुंद टोक वर, शेजारणीचं खाली. शिलाईची जागा धरली तर ४४ इंच पन्ह्याच्या कापडात अशा चार कळ्या मावतात आणि बारा कळ्यांना तीन उंच्या लागतात. लेहंग्याची उंची ४० आणि वर-खाली दुमडायला दोन इंच धरले, तर झालं साधारण ३.२ मीटर कापड. साधं कापड असेल तर यात काहीच गैर नाही. पण कापडावर एकाच दिशेची छपाई असेल, म्हणजे झाड उभं किंवा मोर वर तोंड करून, तर एकाआड एक कळीवर तो मोर उलटा लटकतो. मखमलीतही तसंच. मखमलीची लव एका बाजूला झुकलेली असते, त्यामुळे उलट कापलेली कळी शेजारच्या कळीपेक्षा गडद किंवा फिकी दिसते. रंग तोच असूनही लेहंगा पट्ट्यापट्ट्यांचा वाटतो.

अशा कापडात सगळ्या कळ्या एकाच दिशेने कापाव्या लागतात. मग पन्ह्यात तीनच मावतात, चार उंच्या लागतात आणि कापड एक मीटरहून थोडं जास्त वाढतं. टेलरने मखमलीला जास्त कापड मागितलं तर तो योग्यच मागतोय. दुकानात तयार मखमली लेहंगा बघताना तो एका जागी टांगून दोन पावलं मागे जाऊन बघा. दिव्याखाली हा फरक लगेच दिसतो.

कॅनकॅन लावला की घेराची काय गरज?

कॅनकॅन म्हणजे अस्तराला आतून लावलेली कडक जाळीची झालर, बहुधा दोन-तीन थरांची. ती लेहंग्याला बाहेर ढकलते, त्यामुळे उभं राहिल्यावर तो फुगलेला दिसतो. घेर मात्र ती एक इंचानेही वाढवत नाही. अडीच मीटर घेराच्या लेहंग्याखाली भरपूर कॅनकॅन घातला, तर बाहेरचं कापड ताणून सपाट बसतं, लाटा पडत नाहीत आणि चालताना पाऊल अडतं. फोटोत असा लेहंगा घंटेसारखा दिसतो. खालच्या काठाला उभ्या घड्या दिसत नसतील, तर आत जाळी जास्त आणि घेर कमी आहे असं समजावं.

चांगल्या शिवणीत कॅनकॅनच्या आतून आणखी एक मऊ अस्तर असतं. ते नसलं की जाळी पायांना टोचते आणि तासाभरात पोटऱ्या लाल होतात. खरेदी करताना लेहंगा उलटा करून हे एवढं तरी नक्की बघा.

भरतकाम फक्त शोभेचं नसतं

इथे सगळ्यात जास्त गल्लत होते. काम म्हणजे वजन, आणि वजन कापडाला खाली ओढतं. जड कामाचे नवरीचे लेहंगे सात-आठ किलोंपर्यंत जातात. ते वजन कापड कसं झेलतं, हे परत कटावरच येतं.

कापडाचे उभे धागे मजबूत असतात, ते फारसे ताणत नाहीत. तिरक्या दिशेने, ज्याला टेलर उरेब म्हणतात, कापड सहज ताणतं. कळीच्या मधोमध उभा धागा सरळ खाली जातो, म्हणून ती वजन पेलते. अंब्रेला कटात मात्र वर्तुळ फिरतं तसा धाग्याचा कोन बदलत जातो. काही भाग उभ्या धाग्यावर, काही पूर्ण उरेबवर. उरेबवरचा भाग वजनाने खाली येतो आणि काठ वरखाली होतो. म्हणूनच साधा अंब्रेला लेहंगासुद्धा जाणता टेलर शिवून एक-दोन दिवस टांगून ठेवतो, कापड जेवढं उतरायचं तेवढं उतरू देतो आणि मगच खालची दुमड घालतो. जड जरदोसी करायची असेल तर कळीदार, आणि नाचायचा हलका लेहंगा हवा असेल तर अंब्रेला, असं माझं स्पष्ट मत आहे.

कामाचे प्रकार खूप आहेत, पण वजनाच्या अंगाने बघितलं की सोपं होतं. जरदोसीत धातूच्या तारेच्या बारीक गुंडाळ्या, दबका वगैरे, कापून मण्यांसारख्या टाकतात. हे काम जड, उठावदार आणि महाग. लखनौच्या जरदोसीला भौगोलिक मानांकनही आहे. राजस्थानचं गोटा-पट्टी काम म्हणजे चकचकीत फितीचे तुकडे दुमडून केलेली पानं-फुलं. दिसायला भरगच्च, पण वजनाला बरंच हलकं. कच्छी आभला कामात आरशाचे तुकडे धाग्याने बांधून बसवतात. सिक्वेन्स म्हणजे टिकल्या, त्या बहुतेक मशिनने लावलेल्या असतात. आणि सगळ्यात स्वस्त म्हणजे चिकटवलेले खडे, जे पहिल्याच कार्यक्रमात खुर्चीवर राहतात.

हाताचं काम ओळखायला कळ्यांचे जोड बघा. हाताचं काम कळ्या सुट्या असताना लाकडी चौकटीवर, म्हणजे अड्ड्यावर, कापड ताणून करतात. मग कळ्या जोडतात. चांगला कारागीर जोडाच्या दोन्ही बाजूंना थोडी जागा रिकामी ठेवतो आणि शिवल्यानंतर तिथली वेल हाताने पुरी करतो. त्यामुळे वेल एका कळीवरून दुसरीवर न तुटता जाते. घाईच्या कामात शिवणीपाशी पान अर्धं कापलेलं दिसतं, किंवा प्रत्येक जोडावर बोटभर रिकामा पट्टा दिसतो. मोबाइलवर फोटो मोठा करून खालच्या काठाजवळचा एखादा जोड शोधला, तर विक्रेत्याला काही न विचारता हे कळतं.

चोळी म्हणजे साडीचा ब्लाउजच ना?

मापं जवळपास तीच, तरी फरक मोठा आहे. साडीच्या ब्लाउजवर पदर येतो. खालची कड, कुशीतली सुरकुती, टक्सची टोकं पदराखाली जातात. लेहंग्याच्या चोळीची खालची कड सगळ्यांसमोर उघडी असते. ती छातीखाली चपखल बसली नाही, हात वर केल्यावर उचलली गेली, तर लपवायला काही नसतं.

त्यासाठी कट महत्त्वाचा. साध्या चोळीत चार टक्स घालून उभार दिला जातो. कटोरीत छातीचा भाग वेगळा कापून जोडतात, त्याने बसवणूक उत्तम होते. प्रिन्सेस कटात खांद्यापासून किंवा मुंढ्यापासून खालच्या कडेपर्यंत एक लांब शिवण जाते आणि टक्स त्या शिवणीतच मुरतो. गुळगुळीत, एकसंध बसायला प्रिन्सेस कट छान, पण कापडावर आधीच मोठी नक्षी असेल तर ती शिवण नक्षीच्या मधून जाते. भरलेल्या पुढच्या भागाला साधे टक्सच बरे, आणि साध्या कापडाला प्रिन्सेस किंवा कटोरी.

मण्यांचं काम असलेल्या चोळीत आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. शिवण जिथून जाणार तिथले मणी आधी काढावे लागतात, नाहीतर मशिनची सुई तुटते आणि शिवण वाकडी बसते. शिवाय असं कापड अजिबात ताणत नाही, म्हणून दोन्ही कुशींत निदान दीड-दीड इंच मार्जिन सोडायला सांगा.

आता ती ओळ पुन्हा वाचू

लेहंगा घेणारीची उंची पाच फूट तीन इंच, कंबर ३०, नितंब ४०, छाती ३६ असं धरू.

घेर ३.२ मीटर म्हणजे १२६ इंच, कळ्या बारा. म्हणजे प्रत्येक कळी खाली साडेदहा इंच आणि कंबर ४२ असल्याने वर साडेतीन इंच. समारंभात बसायला-उठायला हा घेर पुरेसा आहे, पण गिरकी घेऊन उघडणारा नाही. कॅनकॅन असल्यामुळे फोटोत तो खऱ्यापेक्षा मोठा दिसला असणार, हेही लक्षात ठेवायचं.

लांबी ४२ इंच. या उंचीच्या बाईला टाच धरून साधारण ४० लागेल, म्हणजे दोन इंच कमी करायचे. खालून कापता येत नाही, कारण काम काठावर आहे. वरून कापायचं, तर कळी खाली रुंद होत जाते, त्यामुळे जितकं वरून कापाल तितकी कंबर वाढते. ४२ इंचांत कळी सात इंचांनी रुंदावते, म्हणजे दर इंचाला इंचाचा सहावा भाग. दोन इंच कापले की प्रत्येक कळी इंचाच्या तिसऱ्या भागाने रुंद होते आणि बारा कळ्या मिळून कंबर ४६ होते. आता ती ३० वर आणायची, म्हणजे १६ इंच कमी करायचे.

टेलरपुढे दोन मार्ग असतात. सगळे १६ इंच एकाच बाजूच्या शिवणीत घेतले तर काम लवकर होतं, पण घोळ त्या बाजूला ओढला जातो आणि नक्षी तिरकी होते. त्याऐवजी बाराही जोडांत प्रत्येकी सव्वा ते दीड इंच घेऊन नितंबांपर्यंत शिवण निमुळती सोडली, तर लेहंगा सरळ पडतो. जॉर्जेट असल्यामुळे तिसराही मार्ग आहे: काही न कापता नाडीने आवळून घ्यायचं. दीडपट चुण्या जॉर्जेटला जड नाहीत. हाच लेहंगा मखमलीचा असता तर मी बारा जोडांचाच आग्रह धरला असता. आणि कंबर ३० वर पक्की शिवायची असेल तर बाजूला चेन हवीच, कारण लेहंगा ४० इंचांच्या नितंबांवरून वर चढायचाय.

चोळीचं कापड ०.८० मीटर, म्हणजे साडेएकतीस इंच. पन्हा ४४ धरला तर ३६ छातीच्या पुढच्या-मागच्या चारही भागांना मिळून मार्जिनसह ४२ इंच रुंदी लागते, ती एका ओळीत मावते. चोळीची उंची १५ आणि दुमड धरून साडेसोळा इंच गेले, उरले १५. त्यात कोपरापर्यंतची, फार तर थोडी खाली जाणारी बाही बसते. मनगटापर्यंतच्या बाहीला कापड पुरणार नाही. छाती ४० असती तर चार भागांनाच ४६ इंच लागले असते आणि पन्ह्यातच अडचण झाली असती. टेलरचं ‘बसणार नाही’ इथून येतं. लांब बाही हवीच असेल तर बाहीला वेगळं नेट घ्यायचं, हा सोपा तोडगा.

दुपट्टा नेटचा, २.३ मीटर. एका खांद्यावर चुण्या घालून सोडायला किंवा गुजराती पद्धतीने, म्हणजे मागून उजव्या खांद्यावर पुढे आणून टोक डाव्या कमरेला खोचायला, एवढी लांबी पुरते. साडीसारखी कमरेभोवती गुंडाळून डाव्या खांद्यावर घ्यायची असेल तर तोकडी पडते. एक मीटर नितंबांभोवती जातो, साठ-सत्तर सेंटिमीटर खांद्यापर्यंत, आणि मागे पडायला जेमतेम तीन वीत उरतं. त्या पद्धतीला पावणेतीन मीटर तरी हवेत. शिवाय नेटला चारही बाजूंनी जड लेस असली की ती खांद्यावरून घसरते. पिन थेट नेटमध्ये लावली तर जाळी फाटते, म्हणून पिन लेसमधून किंवा आतून लावलेल्या छोट्या कापडी तुकड्यातून घ्यावी.

आईच्या पैठणीचा लेहंगा करता येईल का?

आपल्याकडे हा प्रश्न आता बराच विचारला जातो. करता येतो, पण कळीदार करू नये. पैठणीचा काठ कापडाच्या लांबीने सरळ जातो. कळ्या कापल्या की प्रत्येक कळीवर तो काठ तिरका होतो, जोडांवर टोकं पडतात आणि खालची गोलाई साधताना काठच छाटला जातो. पैठणीला सरळ चुण्यांचाच घागरा हवा.

साडी साडेपाच मीटर असते. पदर आणि ब्लाउजचा भाग बाजूला ठेवला तर घेराला साधारण चार मीटर मिळतात. तेवढं रेशीम ३० इंच कमरेत आवळलं तर कंबर जाड होते, हे वर आलंच आहे. त्यावर उपाय असा, की कमरेला पाच-सहा इंचांची साध्या रेशमाची पट्टी अंगासरशी लावायची आणि चुण्या तिच्या खालून, नितंबांजवळून सुरू करायच्या. तिथे फेरी ४० इंच मिळते, दाटी कमी होते आणि पोटावर फुगवटा येत नाही. साडीच्या पन्ह्यातून वरचा काठ कापून तो चोळीच्या बाहीला लावतात.

टेलरला मात्र एक गोष्ट आधीच बजावून सांगा: चुण्या कच्च्या टाक्यांनी घालून पाहिल्याशिवाय साडीला कात्री लावायची नाही. पदर शक्यतो अखंड ठेवा. तो ओढणीला फार छोटा पडतो, पण ऑर्गेंझाच्या ओढणीच्या एका टोकाला जोडला तर खांद्यावरून मागे पूर्ण दिसतो, आणि पुढेमागे उसवून पुन्हा वापरताही येतो.